मदत हवी आहे: फोटोतल्या लॅपटॉपवरची ओळ बदलली, पण चिकटवल्यासारखी दिसते

रानमोगरा (डिचोली)
आमच्या होमस्टेच्या पत्रकासाठी एक जुना फोटो वापरायचा आहे. बाल्कांवातल्या टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर आमचंच बुकिंगचं पान. त्यातलं इंग्रजी नाव काढून मराठी नाव हवंय. लॅपटॉप विकला, भिंतींचा रंगही बदलला, त्यामुळे फोटो परत काढता येणार नाही. फोटोशॉपमध्ये जुनी ओळ पांढऱ्या पट्टीने झाकली, वर नवी टाकून तिरकी केली. पण उजवीकडे बाहेरच्या उजेडाची चमक आहे तिथे अक्षरं काचेवर तरंगतात. पडद्यावरचे रंगीत मॉइरे पट्टेही माझ्या पट्टीपाशी तुटतात.

आंबोळी
कॅमेरा रॉमध्ये Moire Reduction वाढवा. पट्टेच गेले की प्रश्न मिटला.

काणकोणकर
माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढला की काळे आडवे पट्टे येतात. तेच ना हे?

फोटोवाला_फोंडा
काणकोणकर, तुमचं वेगळं. ते शटरमुळे होतं. प्रो मोडमध्ये 1/60 किंवा त्याहून हळू शटर ठेवून बघा. आंबोळी, त्याने रंग बराच जातो, पण फिकट-गडद पट्टे राहतात.

रानमोगराताई, ती पांढरी पट्टी आधी काढा. पट्टे मागच्या पांढऱ्यातच आहेत, ते झाकायचे नाहीत. Clone Stamp घ्या, ब्रश मऊ आणि लहान. नमुना वरून-खालून नको, ज्या पट्ट्यावर अक्षर आहे त्याच पट्ट्यावर थोडं पुढून घ्या. पट्टे वळतात, म्हणून लांब ओढू नका, टिंबं देत चला.

तिरकेपणासाठी ओळ एकटी वाकवू नका. पडद्याच्या मापाचं अख्खं पान स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि Distort ने त्याचे चार कोपरे उजळलेल्या भागाच्या कोपऱ्यांवर बसवा, बाहेरच्या काळ्या चौकटीवर नाही. मग त्यात नावाचा थर तेवढा चालू ठेवा. मराठीत शिरोरेषा लगेच चुगली करते: ब्राउझरच्या पट्टीची कड जशी कलते तशीच ती कलायला हवी.

चमक म्हणजे वरून मिसळलेला उजेड. तिथे काळं काळं राहत नाही. Info पॅनलमध्ये जुन्या नावाच्या जाड अक्षरांचा मधला भाग मोजा. समजा डावीकडे 18 आला आणि चमकेत 95, तर नव्या अक्षरांना सपाट काळा न देता 18 पासून 95 पर्यंत ग्रेडियंट द्या. मागच्या पांढऱ्यात चमक आहेच, तिथे परत घालू नका. शेवटी जुन्या अक्षरांच्या कडा जितक्या मऊ आहेत तितकंच Gaussian Blur.

रानमोगरा (डिचोली)
बाब, देव बरें करूं! माझ्याकडे 22 आणि 110 आले. चमकेतली अक्षरं आता काचेच्या आतली वाटतात. पण जिथे पट्टे अगदी दाट आहेत तिथे पुसलेली जागा अजून कळते.

फोटोवाला_फोंडा
तिथे क्लोनने पट्टा जुळतो, रंग सरकतो. नवी अक्षरं त्याच जागेवर येतील असं नाव थोडं सरकवता येतं का बघा. नाहीतर तो तुकडा मोठा करून इथे टाका, बघून सांगतो.

आंबोळी
पत्रकात फोटो केवढा छापणार? बोटभर असेल तर कोणाला दिसणार ते?

रानमोगरा (डिचोली)
अर्धं पान. तुकडा संध्याकाळी टाकते.