शब्दचर्चा: 'युएनफन'ला मराठीत काय म्हणावं?

मेघना: माझ्या धाकट्या भावाचं लग्न चीनमधल्या छंग्दूच्या मुलीशी ठरलं आहे. व्हिडिओ कॉलवर तिच्या आई 'युएनफन' हा शब्द दोनदा म्हणाल्या. एकदा या दोघांबद्दल आणि एकदा माझ्या आईकडे बघून, 'तुमचं-माझंही युएनफन आहे.' भावाने 'नशीब' असं भाषांतर केलं आणि आईचा चेहरा उतरला. विहीणबाई आपल्याला 'नशिबी आलात' म्हणतायत असं तिला वाटलं. तिला नीट उत्तर द्यायचं आहे. नेमका शब्द कोणता?

विद्याधर: ऋणानुबंध, दुसरा कुठला? शब्द बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेला.

सुचेता: विद्याधर, कल्पना आपल्याकडून गेली, शब्द नाही. 'युएन' त्यांचाच जुना शब्द, मूळ अर्थ कपड्याचा काठ. बौद्ध ग्रंथांतल्या 'प्रत्यय'साठी भाषांतरकारांनी तो घेतला. बी हा हेतू, म्हणजे मूळ कारण. माती, पाणी, ऊन हे प्रत्यय, म्हणजे साथीची कारणं. ते जमून आले तरच अंकुर फुटतो. तसंच दोन माणसांची भेट जमून येणं म्हणजे युएन. 'फन' म्हणजे वाटा.

हे दोन तुकडे वेगळेही होतात आणि शब्दाची खरी गंमत तिथेच आहे. 'योऊ युएन, वू फन', म्हणजे भेट होती, वाटा नव्हता. चार वर्षं एकमेकांवर जीव लावलेल्या दोघांचं घरच्यांमुळे मोडलं, तर हेच म्हणतात. ऋणानुबंधात काहीतरी फेडायचं राहिलेलं असतं, युएनफनमध्ये देणंघेणं असावंच लागतं असं नाही. शिवाय ऋणानुबंध आपण बहुतेक मागे वळून बघताना म्हणतो. मी तैपेईत अकरा वर्षं होते. घरमालकीणबाईंना पहिल्याच दिवशी कळलं की त्यांची मुलगी आणि मी एकाच तारखेला जन्मलो. त्या लगेच म्हणाल्या, 'बघ, युएनफन!' तोवर मी भाड्याची अनामतही दिली नव्हती.

प्रभाकरकाका: मुलीची पत्रिका पाहिली का? 36 पैकी किती गुण जुळतात?

सुचेता: काका, पत्रिकेसारखं त्यांच्याकडेही आहे. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांची प्रत्येकी दोन अशी आठ अक्षरं मांडून जुळवतात. पण तो हिशोब झाला. युएनफनला गुण देत नाहीत. ते असतं किंवा नसतं, येतं किंवा संपतं.

नेहा: 'येतं' यावरून आठवलं. सिंगापूरला माझी रूममेट मलेशियातली चिनी होती. मावशीने फोनवर लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, 'युएनफन अजून आलं नाही', आणि मावशी गप्प. आपल्या 'योग आला की होईल'सारखंच. पण एकदा माझी फसगत झाली. तिला दाखवलेल्या मुलाने कळवलं, 'आपल्यात युएनफन नाही.' मला वाटलं, बिचारा हळहळतोय, तिने अजून एकदा भेटावं. ती म्हणाली, अगं, हा स्वच्छ नकार आहे. त्यात ना तिचा दोष, ना त्याचा, म्हणून कुणालाच लागत नाही.

विद्याधर: म्हणजे सगळं दैवावर ढकलायची सोय. मग भावाने 'नशीब' म्हटलं ते चुकलं कुठे?

सुचेता: नशीब एकट्याचं असतं, युएनफनला दोघं लागतात. आणि तिकडे असंही म्हणतात की युएन आकाशाच्या हातात, फन माणसाच्या हातात. भेट घडवता येत नाही, टिकवता मात्र येते. म्हणूनच 'युएनफन जपा' असं म्हणतात.

मेघना, तुझ्या आईसाठी एक म्हण सांगते. एका होडीतून नदी पार करायला दहा वर्षांची पुण्याई लागते, एका उशीवर डोकं टेकायला शंभर वर्षांची. होडीतला सोबती आणि जोडीदार एकाच मापाने मोजले आहेत, कमीजास्त एवढाच फरक. त्यामुळे लग्नाला आणि विहिणीला एकच शब्द लावणं त्यांना सहज वाटतं. त्यात मायाच होती.

नेहा: फक्त भावाला सांग, ऑफिसातल्या एखाद्या मुलीला एकटीला गाठून 'आपलं युएनफन आहे' म्हणू नकोस. तिला त्यात वेगळं काही ऐकू येऊ शकतं.

मेघना: आईला होडीची म्हण वाचून दाखवली. तिने दोनदा ऐकली. आता तिला म्हणायचंय, 'आपली गाठ पडायचीच होती.' चालेल?

सुचेता: छान आहे. 'गाठ पडणे'मध्ये युएन पुरता येतो. 'फन'चा वाटा मात्र सुटतो.

विद्याधर: आणि 'गाठ माझ्याशी आहे' ही धमकी असते, तेवढं भाषांतर करताना सांभाळा. मी अजूनही ऋणानुबंधच म्हणेन. आपण तो फेडण्यापेक्षा जिव्हाळ्यासाठीच जास्त वापरतो.

सुचेता: हे मात्र मान्य. बोलण्यात ऋण मागे पडलंय आणि बंध उरलाय.

मेघना: रविवारी पुन्हा कॉल आहे. आई म्हणते, 'गाठ' मी म्हणेन, 'युएनफन' त्या म्हणतील.