अनुभव धागा: जोडीदाराचं उत्तर येत नाही, तेव्हा दुसरा मेसेज काय पाठवता?

सायली_
पहिला मेसेज जातो आणि दिवसभर उत्तर नसतं. दुसरा लिहायला घेतला की एकतर विनवणी होते, नाहीतर टोमणा. अशा वेळी तुम्ही नेमकं काय लिहिता? शक्यतो मेसेज शब्दांसकट द्या.

रातपाळी
माझा नवरा कामावर फोन लॉकरमध्ये ठेवतो. पण सुट्टीच्या दिवशीही तो सावकाशच उत्तर देतो, त्यामुळे सगळा दोष कामाला देता येत नाही. आमच्याकडे फरक पडला तो उत्तर हवं असलेलं आणि नुसतं सांगायचं असलेलं वेगळं केल्यावर.

परवाचंच बघा. सकाळचा माझा मेसेज: "मीटिंग फार वाईट झाली, सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. शनिवारी ताईकडे जायचंय ना? तू जेवलास का?" संध्याकाळपर्यंत काही नाही. यात तीन मागण्या आहेत: धीर दे, निर्णय सांग, तुझी खबर दे. तिन्हींना नीट उत्तर द्यायचं म्हणून तो मेसेज बाजूला ठेवतो आणि मग मेसेज खाली दबून जातो.

"वाचलंस ना? मग काही बोलायचं नाही का?" असं मनात आलं होतं. पाठवलं ते असं: "ताईला आज रात्री नऊपर्यंत कळवायचंय. तुझं काही आलं नाही तर मी हो सांगते. मीटिंगचं घरी बोलू." "हो सांग" एवढं लगेच आलं. ते आलं नसतं तरी तिसरा मेसेज लागला नसता, कारण काय होणार ते आधीच ठरलं होतं. मुदत मात्र खरी हवी. उगाच घातलेली मुदत एकदा कळली की पुढची कोणी मानत नाही.

निळी_खूण
सोपा उपाय सांगते. व्हॉट्सॲपमध्ये वाचल्याची खूण बंद करा. दिसतच नाही, मग त्रासही नाही. मला फार शांतता मिळाली.

अनिकेत७
@निळी_खूण, एक भर घालतो. ती बंद केली तरी ग्रुपमध्ये खूण दिसतेच. आणि 'ऑनलाइन' दिसणं म्हणजे तुमचाच मेसेज उघडला असं नाही. उलट नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचला तरी खूण निळी होत नाही. म्हणून "ऑनलाइन होतास की" हा पुरावा कच्चा, आणि समोरच्याला मात्र पाळत ठेवल्यासारखं वाटतं. हे वाक्य मी कायमचं सोडलं.

कूर्मगती
मी उशिरा उत्तर देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. बायकोचा लांब, मनातलं लिहिलेला मेसेज आला की दोन शब्दांत उत्तर देणं मला अपमानकारक वाटतं. रात्री निवांत लिहू म्हणतो. रात्र होते तेव्हा उशीर झाल्याची लाज वाटते, आणि लाज वाटली की लिहिणं आणखी जड जातं. अशात "??" किंवा नुसतं "ठीक आहे." आलं की आधी उशिराचा खुलासा द्यायचा, मग मूळ उत्तर, म्हणजे काम दुप्पट. ती कधीकधी शेवटी लिहिते, "उत्तराची घाई नाही, वाचलंस की बदाम टाक." तो मी लगेच टाकतो.

नवखा_प्रवासी
माझं सांगतो. एकीशी नुकतीच ओळख झाली, दोनदा भेटलो. आता ती दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. मीही मुदत घालू का?

रातपाळी
@नवखा_प्रवासी, तुमचं वेगळं आहे. आमच्यात नातं ठरलेलं आहे, फक्त वेग जुळत नाही. तुमच्यात ती अजून ठरवतेय. एकदा साधं विचारा, "पुन्हा भेटायला आवडेल, या आठवड्यात जमेल का?" आणि थांबा. तिथे उत्तर न येणं हेही उत्तर असू शकतं.

सायली_
पण खरोखर आधार हवा असेल तेव्हा? तेव्हाही असंच मुदत घालून, कामाच्या निरोपासारखं लिहायचं?

रातपाळी
नाही, तेव्हा गरज उघड सांगायची. "आज मला तुझा आवाज ऐकायचाय. दहाच्या आत पाच मिनिटं फोन करशील?" मला यात लाचारी दिसत नाही. लाचारी दिसते ती "मी काही चुकले का?" मध्ये, कारण तिथे त्याने आधी आपली समजूत काढायची असते. आणि उत्तरांच्या वेगाची तक्रार कधीच चॅटवर नाही, ती समोर बसून.

मनवा
समोर बसून बोललेय, आणि असे स्पष्ट मेसेजही पाठवलेत. चार दिवस फोन येतो, मग पुन्हा तेच. तो भेटल्यावर मात्र पूर्ण माझ्याजवळ असतो. फक्त लांब असताना गायब होणारं माणूस कुणाच्या वाट्याला आलंय का? तुम्ही कुठवर धरून ठेवलंत?

कूर्मगती
@मनवा, मी तसाच होतो. आम्ही रोज रात्री एक ठरलेला फोन ठेवला. मेसेजांत मी आजही कच्चाच आहे. तुमच्याकडे फोनचंही तसंच होत असेल, तर मला सांगता येत नाही.