चित्रकलेच्या सरांच्या शोकसभेसाठी: तुमची आठवण इथे लिहा

येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात सरांची शोकसभा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या वतीने एक मनोगत वाचायचं ठरलंय आणि ते जुळवायचं काम माझ्याकडे आलंय. सगळ्यांना एकच विनंती. 'सर प्रेमळ होते', 'सरांनी आम्हाला घडवलं' एवढंच लिहून थांबू नका, ते कुठल्याही शिक्षकाबद्दल वाचता येतं. सरांनी तुम्हाला काय शिकवलं आणि नेमकं कसं शिकवलं, ते लिहा. काकू पहिल्या रांगेत असतील. त्यांनी सरांना वर्गात शिकवताना कधी पाहिलेलं नाही. त्यांना तो वर्ग दिसावा, एवढीच माझी इच्छा आहे.

१९८७ची दहावी, आता मिरज

एलिमेंटरीच्या वस्तुचित्राला सर पितळी लोटा ठेवायचे. तोंडाचा गोल आणि बुडाचा गोल ते आधी वेगळे काढायला लावायचे, मग जोडायचे. सरांचा नियम मला पाठ आहे : वरचं तोंड डोळ्यांना जवळ, म्हणून ते जास्त उघडं काढायचं आणि बूड चपटं. आजही नातवाला हेच सांगतो.

कलाशिक्षिका, एटीडी करून पुण्यात नोकरी

दादा, नियम उलटा आहे आणि रविवारी वाचला जाणार आहे म्हणून सांगते. सर बांगडी घेऊन वर्गात फिरायचे, आठवतंय? आडवी धरून बरोबर डोळ्यांसमोर आणायचे. तेव्हा ती नुसती रेघ दिसायची. मग हळूहळू खाली न्यायचे. जितकी खाली, तितकी ती उघडत जायची आणि पायाशी नेली की जवळजवळ पूर्ण गोल. म्हणजे टेबलावरच्या लोट्याचं तोंड डोळ्यांच्या रेषेच्या जवळ असतं म्हणून ते चपटं, आणि बूड आणखी खाली म्हणून त्याची गोलाई जास्त. बहुतेकांचं बूड सपाट रेघेवर बसलेलं असायचं, त्यामुळे लोटा पत्र्यातून कापल्यासारखा दिसायचा.

गोंधळ का होतो तेही सांगते. आपल्या लोट्याचं तोंड रुंदीला मोठं होतं आणि बूड लहान. रुंदी आणि उघडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर आधी रुंदी पेन्सिलीने मापायला लावायचे, हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून. उघडेपणा नंतर. आणि गोलाच्या दोन्ही टोकांना कोपरा आला की लगेच म्हणायचे, "होडी झाली, पुसा." माझ्या वर्गात मीही हेच म्हणते.

भोसरी, फॅब्रिकेशन वर्कशॉप

मला चित्रकला कधी जमली नाही. इंटरमिजिएटला बसलो तो दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. पण घनभूमितीच्या तासाला सरांनी डब्यातून गाजर काढलं. सरळ कापलं, गोल निघाला. तिरकं कापलं, लांबट गोल निघाला. मग दोन्ही चकत्या फळ्यावर दाबून धरल्या आणि खडूने कडेने गिरवल्या. "आडवं माप दोन्हीकडे तेवढंच आहे, लांबी वाढली," एवढंच बोलले.

आयटीआयनंतर पहिल्याच कामावर 4 इंची पाइप 45 अंशांत कापून त्यावर बसणारी झाकणाची पट्टी काढायची होती. बरोबरच्या मुलाने 4 इंची गोलच आखला. मी आडवं 4 ठेवलं आणि लांबी काढली साडेपाच इंचांच्या थोडी पुढे. मिस्त्रीने विचारलं, कुठे शिकलास? मी गाजराची गोष्ट सांगितली तर त्याला खरी वाटेना. हिशेब नंतर कळला, 4 ला 1.414 ने गुणायचं. पण पाइप तिरका कापला की तोंड कसं होणार, हे मला आठवीपासून दिसत होतं. ही आठवण जमल्यास जरूर वाचा.

एक पालक (मीही याच शाळेची)

मला सर फक्त एक वर्ष होते, त्यामुळे लिहिण्यासारखं फार नाही. पण माझी मुलगी या वर्षी इंटरमिजिएट देतेय. तिच्या स्थिरचित्रात सगळ्या वस्तू हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. बाई म्हणतात सराव कर. सर असते तर काय सांगितलं असतं, कुणाला माहीत आहे का?

कलाशिक्षिका, पुणे

ताई, सर आधी कागद उलटा धरून बघायचे. मग विचारायचे, वस्तू कुठे टेकली आहे? मुलं सगळ्या वस्तूंचं बूड एकाच आडव्या रेषेवर काढतात. खरं तर आपल्या जवळची वस्तू कागदावर खाली येते, लांबची वर जाते, कारण टेबल आपण वरून बघतो. दुसरं, जिथे वस्तू टेबलाला टेकते तिथे सावली सर्वांत गडद असते आणि लांब जाताना फिकी होत जाते. मुलीला डोळे किलकिले करून बघायला सांगा, बारीकसारीक नाहीसं होऊन गडद-फिकं तेवढं उरतं. पडदा मात्र शेवटी नको, वस्तूंबरोबरच रंगवू दे. नाहीतर कडा कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

इचलकरंजी, बोर्ड रंगवायचो, आता फ्लेक्सचं दुकान

अक्षरलेखनाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. सर 'ख' वर अडून बसायचे. 'र' चं शेपूट वर वळवून 'व' ला नीट जोडलं नाही तर लांबून 'रव' वाचलं जातं. फळ्यावर 'खाना' लिहायचे, तसाच न जोडता, आणि मागच्या बाकावरच्याला वाचायला लावायचे. तो 'रवाना' वाचायचा. मग खडूने फक्त ते शेपूट जोडायचे.

अंतराचंही तसंच. फूटपट्टीने दोन अक्षरांत सारखं अंतर मोजलं की सर पट्टी काढून घ्यायचे. 'ट', 'र' यांच्या खाली मोकळी जागा असते, तिथे पुढचं अक्षर जवळ घ्यायचं. दोन उभे दंड शेजारी आले तर सैल सोडायचं. मोजून नाही, मागे सरून डोळ्यांनी. आज कॉम्प्युटर अक्षरं बसवतो, तरी मोठ्या बोर्डाला मी प्रिंट मारण्याआधी दोन-तीन ठिकाणी हाताने सरकवतो. सरांशिवाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१९९४ची दहावी

सगळे चांगलं लिहितायत, मीही सरांना मानतो. पण त्यांनी माझं संकल्पचित्र वर्गासमोर फाडलं होतं. पोस्टर कलर पातळ झाला होता, ब्रशचे पट्टे दिसत होते. मी घरी रात्र घालवली होती त्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बाटलीतला रंग देऊन कालवून दाखवला, आधी पाणी अगदी कमी, बोटाने टिपून बघायचं, मग एका दिशेने एकच हात. तो सपाट रंग मला नंतर कधीच चुकला नाही. फाडलं ते मात्र मी विसरलो नाही. दोन्ही वाचणार असाल तर वाचा, नुसता रंग नको.

मिरज

बांगडीचं बरोबर आहे, आता घरी काकणाने करून बघितलं. माझी ओळ कृपया गाळा. पण फाडल्याचं काकूंसमोर वाचू नये असं मला वाटतं. तो दिवस तसा नाही.

भोसरी

मला वाटतं वाचावं. दुसऱ्या दिवशी रंग दिला हेही त्यातच आहे.

धागा काढणारी

यावर इथे एकमत होईलसं दिसत नाही. १९९४वाल्यांना मी आज रात्री फोन करते, त्यांनीच स्वतः उभं राहून सांगायचं की नाही ते ठरवू दे. दुसऱ्याने वाचण्यासारखं ते नाही. बाकी क्रम असा धरलाय : आधी लोटा, मग गाजर, शेवटी 'ख'. लोट्याचं वाचताना पुण्याच्या ताईंनी बांगडी हातात धरून दाखवावी. मागच्या रांगेपर्यंत दिसेल अशी मोठी, गडद रंगाची लागेल. 'ख' साठी फळा आणि खडू शाळेतून मिळेल, शिपाईमामांशी बोलले आहे. इचलकरंजीकर, फळ्यावर तुम्हीच लिहायचं आहे, साडेनऊपर्यंत पोहोचा.