घरातली पहिली पदवीधर: लेखात अभिमान लिहावा, पण दुरावा?

पूर्व भागातली मुलगी: बी.ए. झाले, घरात पहिलीच. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिलाय, ‘आईवडिलांनी काबाडकष्ट करून शिकवलं’ असा. पण खरं सांगायचं तर घरी आता माझ्याशी जपून बोलतात, पाहुण्यासारखं. हे लिहिलं तर आईचा अपमान होईल का? घरी आम्ही तेलुगू बोलतो, आईला मराठी वाचता येत नाही.

निवृत्त मास्तर, जोडभावी पेठ: लिहू नकोस बाळ. मीसुद्धा घरातला पहिलाच. तेव्हा सोलापूरला विद्यापीठ नव्हतं, ते 2004 साली झालं. माझ्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे. ती भिंतीवर लावली तेव्हा वडील गल्लीतल्या प्रत्येकाला आत बोलावून दाखवत होते. तो आनंद लिही. घरातली अढी चारचौघांत मांडली तर ज्यांनी पोटाला चिमटा काढला त्यांच्याच पदरात काय पडतं? शिवाय त्यांना उत्तर देता येणार नाही, हे तूच सांगतेस.

वार्षिकांकाचं काम पाहणारी: सरांचा शेवटचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय गप्प बसणं नाही. दरवर्षी असे बरेच लेख माझ्या हातून जातात. त्यांत पदवीला चार परिच्छेद असतात आणि आईला एक वाक्य, तेही सगळ्यांचं सारखंच. तुझ्या लेखातली आई धुणंभांडी करणारी असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता. अपमान झालाच तर तिथे होतो.

तिचा एक दिवस लिही. पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, सूत बांधायचं, तोंड दुमडायचं. पंचवीस-पंचवीसचे जुडगे करून हजार विड्या कारखान्यात द्यायच्या. पानं खराब निघाली तर हजार भरत नाहीत, मग पदरचे पैसे घालून पानं आणायची. कुठल्या पानातून किती निघतील हे तिला हात लावताच कळत असणार. हे लिहिलंस की ‘अडाणी’ हा शब्द लेखात टिकूच शकत नाही.

आता दुरावा. पूर्व भागात मुली शाळेतून आल्या की आईच्या सुपाशी बसून विड्यांची तोंडं दुमडतात. तुला तिने कधी उठवलं? दहावीला? ‘तू अभ्यास कर, हात लावू नको’ असं म्हणाली असेल, तर दुराव्याची पहिली वीट तिनेच ठेवली, आणि जाणूनबुजून. तू दूर गेलीस असं लिहिशील तर ती तक्रार होईल. तिने दूर पाठवलं असं लिहिलंस तर अभिमान आणि दुरावा त्या एकाच वाक्यात येतील, वेगळे मांडावे लागणार नाहीत.

एम.ए. चालू आहे: पटलं. पण हे दलित आत्मकथनांनी कधीच लिहून ठेवलंय. तोच राग, तीच भाकरी. नवीन काय?

वार्षिकांकाचं काम पाहणारी: त्यांनी वाट करून दिली, हे खरं. पण त्यांतला राग मुख्यतः जातीने केलेल्या अपमानाचा आहे. या मुलीला कुणी हाकललेलं नाही. घरचे तिला मान देतात आणि तोच तिला बोचतो. ती गोष्ट वेगळी.

विडी घरकुल: ताई, माझी बहीण बारावीला आहे. विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते ना? आईचं कार्ड आहे.

पूर्व भागातली मुलगी: मिळते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरायचा. कार्डावरचं आणि बँकेतलं आईचं नाव आधी जुळवून बघा.

आणि ताई, दहावी नाही, नववी. तोंडं दुमडायला बसले होते, तिने सूप ओढून घेतलं. मला तेव्हा वाटलं, माझं काम तिला आवडलं नाही.

मागवाल्याचा मुलगा, अशोक चौक: छापण्याआधी आईला तेलुगूत वाचून दाखव. मी बी.कॉम. झाल्यावर असंच काहीतरी लिहिलं होतं. वडील मागाच्या आवाजात जन्मभर ओरडून बोललेले, म्हणून घरीही मोठ्याने बोलतात. मी लिहिलं, ‘बाबा सतत चिडलेले’. चुलत्याने वाचून दाखवलं. त्यांनी त्यानंतर माझ्याशी हळू बोलायला सुरुवात केली. ते जास्त वाईट वाटतं.

निवृत्त मास्तर, जोडभावी पेठ: वाचून दाखवल्यावर आई म्हणाली ‘हे काढ’, तर?

वार्षिकांकाचं काम पाहणारी: तर काढायचं. तिच्या दिवसाचा भाग तिचा आहे.

एम.ए. चालू आहे: नाही पटत. नववीत सूप ओढलं गेलं ते मुलीच्याही हातातून. तो प्रसंग दोघींचा आहे, एकटी आई कसा काढायला लावेल?

पूर्व भागातली मुलगी: अंक पुढच्या महिन्यात आहे. रविवारी विड्या द्यायच्या नसतात, तेव्हा वाचून दाखवते. सूप का ओढलं, ते आधी विचारीन.