शब्दचर्चा: 'मान्यता' नेमकी कोणाला, आणि ती 'दिली' की 'केली'?

शब्दवेडी
१९७१ च्या युद्धावरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यातली तीन वाक्यं अडली आहेत. ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशला मान्यता दिली. त्याआधी आठ महिने भारताने बांगलादेशच्या हंगामी सरकारला मान्यता दिली नव्हती. पाकिस्तानने ती १९७४ मध्ये दिली. तिन्ही ठिकाणी 'मान्यता' चालेल का? कोणी 'अधिमान्यता' सुचवतं, कोणी 'स्वीकृती'. शिवाय 'नवं राज्य' म्हणावं की 'नवं राष्ट्र'?

वैनगंगा
नवीन राज्यासाठी घटनेचं तिसरं कलम पाहा. संसदेत साध्या बहुमताने विधेयक मंजूर झालं की राज्य होतं. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. विदर्भाचा प्रश्न त्यामुळेच दिल्लीत सुटणार आहे, मुंबईत नाही.

दप्तरदार
वैनगंगा, तुमची माहिती बरोबर आहे, पण ते राज्य वेगळं. विदर्भ उद्या राज्य झालं तर त्याला फ्रान्सने किंवा जपानने मान्यता देण्याचा प्रश्नच येणार नाही. इथे विचारलंय ते सार्वभौम राज्याबद्दल. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो. घटनेच्या बाराव्या कलमात तर 'राज्य' तिसऱ्याच अर्थाने येतं.

शब्दवेडीताई, कायद्याच्या लेखात मी 'राज्य'च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'सार्वभौम राज्य' लिहीन. 'राष्ट्र' म्हटलं की लोकांची एकत्वाची भावना डोळ्यासमोर येते. बंगाली भाषकांचं राष्ट्र आहे की नाही, हा १९५२ च्या भाषा आंदोलनापासूनचा वाद. राज्य कधी झालं, हा १९७१ चा. वर्तमानपत्रात 'देश' लिहिलंत तरी काही बिघडत नाही.

'अधिमान्यता' नको. आपल्याकडे पत्रकारांना 'अधिस्वीकृती' मिळते, तो वास त्या शब्दाला येतो. 'मान्यता' पुरेसा आहे. मात्र ती कोणाला, हे प्रत्येक वाक्यात उघड लिहा. गेल्या वर्षी जुलैत 'रशियाची अफगाणिस्तानला मान्यता' असा मथळा वाचला, तो चूक होता. अफगाणिस्तान हे राज्य रशियाला १९२१ च्या तहापासून मान्य आहे. ३ जुलै २०२५ ला रशियाने मान्य केलं ते तालिबानचं सरकार.

वाटसरू
मला वाटतं आपण उगाच बारकाव्यात शिरतोय. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं की राज्य झालं, तोवर नाही. बांगलादेशला ते १७ सप्टेंबर १९७४ ला मिळालं. म्हणजे त्याआधीच्या मान्यता राजकीय, खरी मान्यता १९७४ ची.

दप्तरदार
तारीख बरोबर, निष्कर्ष नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेत अकरा सदस्यांनी बांगलादेशच्या बाजूने मत दिलं, तिघे तटस्थ राहिले आणि एकट्या चीनने विरोध केला. नऊ मतं पुरतात, अकरा पडली होती. तरी ठराव पडला, कारण चीनकडे नकाराधिकार आहे. मग त्या दिवशी ढाक्यात राज्य नव्हतं का? शेख मुजीबुर रहमान यांचं सरकार कारभार करत होतं, ब्रिटनने फेब्रुवारीत आणि अमेरिकेने एप्रिलमध्ये मान्यता दिली होती. सदस्यत्व म्हणजे एका संस्थेत प्रवेश. स्वित्झर्लंड २००२ पर्यंत सदस्य नव्हता, पण तो राज्य नाही असं कोणी म्हणालं नाही.

तुमचं अर्धं म्हणणं मात्र खरं आहे. सदस्यत्व मिळाल्यावर शंका घ्यायला जागा फारशी उरत नाही. पुरावा म्हणून ते भक्कम आहे, अट म्हणून नाही.

तळटीप
मग अट काय? १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या सगळे सांगतात: कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. १९७१ मध्ये जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती. लोकसंख्या 'कायम' कशी म्हणायची? आणि भारताशी सीमाही पक्की नव्हती.

दप्तरदार
'कायम' आणि 'निश्चित' हे दोन्ही शब्द मराठीत मूळ अर्थापेक्षा कडक वाटतात. 'कायम' म्हणजे तिथे वस्ती करून राहणारा समाज हवा. निर्वासित झाले म्हणून त्यांचं नातं तुटत नाही. 'निश्चित प्रदेश' म्हणजे एक सलग गाभा हवा, प्रत्येक बांध मोजलेला असावा असं नाही. भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये १६२ छिटमहाल होते, एकाच्या पोटात दुसऱ्याची गावं. त्यांची अदलाबदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री झाली. चव्वेचाळीस वर्षं सीमा अशी होती, तरी बांगलादेशच्या राज्यपणावर कोणी बोट ठेवलं नाही. मॉन्टेव्हिडिओ करार अमेरिका खंडातल्या राज्यांचा आहे, भारत त्यात नाही. पण कसोट्या सगळीकडे वापरल्या जातात.

अडतं ते तिसऱ्या कसोटीत. १० एप्रिल १९७१ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या बैद्यनाथतळ्यात सरकारचा शपथविधी झाला. त्यानंतर ते सरकार कोलकात्याच्या थिएटर रोडवरून चालत होतं. प्रदेश त्याचा, पण त्या प्रदेशावर हुकूम चालत होता पाकिस्तानी लष्कराचा. भारताने ३१ मार्चला संसदेत पाठिंब्याचा ठराव केला. मान्यतेची मागणी वारंवार होऊनही ती डिसेंबरपर्यंत दिली नाही. ज्याच्या हातात जमीन नाही त्याला आधीच मान्यता दिली, तर मूळ राज्याच्या कारभारात ढवळाढवळ केल्याचा ठपका येतो. ताई, तुमचं दुसरं वाक्य या अडचणीमुळे महत्त्वाचं आहे, ते गाळू नका.

तळटीप
पण ६ डिसेंबरला तरी जमीन कुठे हातात होती? युद्ध ३ तारखेला पेटलं आणि ढाका पडलं १६ ला. तुमच्याच कसोटीने भारताची मान्यता दहा दिवस लवकर झाली.

दप्तरदार
हा आक्षेप खोडता येत नाही, मी खोडणारही नाही. बचावाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पाकिस्तानचा पूर्वेकडचा ताबा त्या दिवशी ढासळत होता आणि तो परत बसण्याची शक्यता दिसत नव्हती. शिवाय ज्या लोकांवर इतके अत्याचार झाले त्यांच्या आत्मनिर्णयाच्या हक्काचं वजन असेल, तर ताब्याची कसोटी थोडी सैल धरली जाते, असं मानणारे अभ्यासक आहेत. ते वजन किती धरायचं, यावर एकमत नाही.

मांडवीकाठ
माझ्या कामाचा प्रश्न विचारतो. पोर्तुगालने १९७४ मध्ये गोव्याला मान्यता दिली, असं मी एका माहितीपत्रकात लिहिलंय. बरोबर ना?

दप्तरदार
नाही, आणि इथेही 'कोणाला' हाच प्रश्न आहे. गोवा कधी सार्वभौम राज्य नव्हता. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत जो तह झाला, त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेही तहाच्या दिवसापासून नाही, तर ते प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या तारखांपासून. म्हणून लिहा: 'गोव्यावरील भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने १९७४ च्या तहाने मान्य केलं.' १९६१ ते १९७४ मध्ये गोवा अधांतरी होता, असा अर्थ मग निघत नाही.

शब्दवेडी
हे वाचून एक लक्षात आलं. तुम्ही पोर्तुगालसाठी 'मान्य केलं' म्हणता, आणि मी सगळीकडे 'मान्यता दिली' लिहिते. 'देणं' म्हटलं की देणाऱ्याकडे काहीतरी आहे आणि घेणाऱ्याकडे नाही, असं वाटतं. शाळेला मान्यता मिळेपर्यंत ती मान्यताप्राप्त नसतेच. राज्याचं तसं आहे का?

वाटसरू
तसंच असणार. नाहीतर मान्यतेची मारामारी कशाला?

दप्तरदार
ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मॉन्टेव्हिडिओचं तिसरं कलम सांगतं की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. त्या बाजूने पाहिलं तर मान्यता म्हणजे असलेली गोष्ट कबूल करणं. दुसरी बाजू म्हणते की इतरांनी मानल्याशिवाय राज्य घडतच नाही. पण मग पाकिस्तानच्या लेखी बांगलादेश २२ फेब्रुवारी १९७४ ला लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेवेळी जन्मला, ब्रिटनच्या लेखी दोन वर्षं आधी आणि चीनच्या लेखी त्याहूनही नंतर, असं म्हणावं लागेल. एका राज्याचे इतके वाढदिवस मला पटत नाहीत.

वाटसरूंच्या प्रश्नाला उत्तर आहे. मान्यता नसली तर राज्य असूनही दूतावास उघडत नाही, परदेशी न्यायालयात त्याचं म्हणणं अडतं, कर्ज मिळणं कठीण होतं. मारामारी त्यासाठी असते. पाकिस्तान तर इतरांनी बांगलादेशला मानलं म्हणून १९७२ च्या जानेवारीत राष्ट्रकुलातून बाहेर पडला.

'मान्यता देणे' रूढ आहे, ते काढायची गरज नाही. जिथे उशिरा झालेली कबुली दाखवायची तिथे 'मान्य केले' लिहा. तुमचं तिसरं वाक्य असं होईल: 'पाकिस्तानने बांगलादेशचं अस्तित्व १९७४ मध्ये मान्य केलं.'

तळटीप
आणि न बोलता मान्यता देता येते का? २०२४ च्या जानेवारीत चीनने तालिबानच्या राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारली, पण 'मान्यता' हा शब्द वापरला नाही. भारताने २०२५ च्या ऑक्टोबरात काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाला दूतावासाचा दर्जा देत असल्याचं सांगितलं, तेव्हाही तो शब्द नव्हता.

दप्तरदार
मूक मान्यता कायद्याला ठाऊक आहे. त्यासाठी हेतू स्पष्ट दिसावा लागतो. बोलणी, व्यापार, व्हिसा यांतून तो निघत नाही. राजदूताची अधिकारपत्रं राष्ट्रप्रमुखाने स्वीकारणं ही नेहमी सर्वांत ठळक खूण मानली गेली आहे, म्हणून चीनचं उदाहरण मलाही अवघड वाटतं. राज्याने स्वतः 'ही मान्यता नव्हे' असं म्हटलं, तर कृतीपेक्षा शब्द वरचढ ठरतो का? भारताबाबत मी 'दूतावास सुरू केला' इतकंच लिहीन, 'मान्यता' म्हणणार नाही.

शब्दवेडी
दुसरं वाक्य आता असं ठेवलंय: 'हंगामी सरकारचा प्रदेशावर ताबा नसल्याने भारताने आठ महिने त्याला मान्यता देण्याचं टाळलं.' 'नसल्याने' हे कारण लेखकाचं नसून माझं होतंय का, ते मूळ लेखात पुन्हा तपासते.