४-४-२ सोडून ४-३-३ घ्यावी का? मधे दोनच पोरं पुरतात का?

पेठेतला_राइटआउट (कोल्हापूर)
आमची १७ वर्षांखालची टीम दोन वर्षं ४-४-२ खेळतेय. परवा ४-३-३ लावणाऱ्या टीमनं ३-० नं हरवलं. मधे त्यांचे तिघं, आमचे दोघं. पोरं नुसती चेंडूमागं पळून दमली. चार आठवड्यांनी पुढची स्पर्धा आहे. पद्धत बदलू का? बदलली तर कुणाला कुठं खेळवू?

नऊ_नंबर (पुणे)
बदलाच, दादा. २०११ ची चॅम्पियन्स लीग फायनल पोरांना बसवून दाखवा. वेंब्लीवर बार्सिलोना ३, मँचेस्टर युनायटेड १. युनायटेडच्या मध्यात कॅरिक आणि गिग्ज, समोर बुस्केट्स, झावी, इनिएस्टा, आणि मेस्सी स्ट्रायकरची जागा सोडून खाली यायचा. म्हणजे दोघांसमोर चौघं. पहिली दहा मिनिटं युनायटेडनं पुढं जाऊन दाबलं, नंतर चेंडू मिळेना. २७ व्या मिनिटाला झावी मधून चालत आल्यासारखा आला, कुणी भिडलंच नाही, आणि त्यानं पायाच्या बाहेरच्या बाजूनं पेद्रोला पास दिला. गोल. ५४ व्या मिनिटाला मेस्सीला बॉक्सबाहेर तशीच मोकळीक मिळाली. कॅरिक-गिग्ज वाईट खेळाडू होते का? नाही. गणितच चुकलं होतं. दोघांनी तिघं धरता येत नाहीत, म्हणून ४-४-२ संपली.

जुना_स्टॉपर (मुंबई)
नऊ_नंबर, सामना बरोबर निवडलात, निष्कर्ष अर्धाच काढलात. त्या दिवशी रूनी हर्नांडेझच्या मागं खेळत होता. बुस्केट्सवर लक्ष ठेवणं हे त्याचंच काम होतं, ते पूर्णवेळ झालं नाही.

आता दुसरा सामना घ्या. ९ एप्रिल २०१४, माद्रिद, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, दुसरा लेग. बार्सिलोनाच्या मध्यात तेच बुस्केट्स, झावी, इनिएस्टा, पुढं मेस्सी आहेच. समोर सिमिओनेची अ‍ॅटलेटिको, ४-४-२ मध्ये, दिएगो कोस्टा जखमी असूनही. पाचव्या मिनिटाला कोकेनं गोल केला आणि १-० वर सामना संपला. तेच तिघं आणि तीच वजाबाकी असताना निकाल उलटा कसा लागला?

दोन्ही सामन्यांत डेव्हिड व्हिया होता, त्याच्याकडे बघा. २०११ ला तो बार्सिलोनाचा, ४-३-३ मध्ये डावीकडं. तिथं त्याला रेषेजवळ उभं राहून समोरच्या राइट बॅकला बाहेर ओढायचं होतं, चेंडू मिळो न मिळो. फट पडली की तिरकं आत धावायचं. मूळचा स्ट्रायकर तो, पण कितीतरी मिनिटं चेंडूला पाय न लावता जागा धरून राहणं हेच काम. २०१४ ला तो अ‍ॅटलेटिकोच्या दोन फॉरवर्डपैकी एक. चेंडू बार्सिलोनाकडं गेला की तो स्टॉपरच्या अंगावर जायचा नाही. मागं येऊन बुस्केट्सच्या आसपास उभा राहायचा. स्टॉपरकडं चेंडू राहिला तर राहू दे, बुस्केट्सकडं जाणारा पास बंद.

म्हणजे मधल्या दोघांना तिघं धरावेच लागले नाहीत. तिसऱ्याला फॉरवर्डनी धरलं. शिवाय दोन्ही बाजूचे कोके आणि राऊल गार्सिया आत सरकून उभे असायचे, त्यामुळं मधे चौघांची दाट भिंत. बाजूच्या पट्ट्या त्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडल्या. बार्सिलोनानं तिथून क्रॉस टाकले, आणि बॉक्समध्ये मिरांडा आणि गोदिन उभे. उंचीच्या त्या लढाईत बार्सिलोनाचं काय चालणार होतं?

पेठेतल्या दादा, तुमचा प्रश्न दोन की तीन असा नाहीच. चेंडू गेल्यावर तुमचे दोन फॉरवर्ड कुठं होते, ते आठवून सांगा.

पेठेतला_राइटआउट
खरं सांगतो, कमरेवर हात ठेवून हाफलाइनवर. मीच सांगितलं होतं, वरच थांबा, काउंटरला उपयोग होईल.

तालमीतला_काका (कोल्हापूर)
आणि बरोबर सांगितलं होतंस. मी वीस वर्षं पोरं खेळवली. त्यांच्या मध्यात एक जास्त आहे, तर त्यांचा दुसरीकडं कुठंतरी एक कमी असणारच. मैदानात दोन्हीकडं दहा-दहाच असतात. कमी कुठं आहे? तुझ्या दोन फॉरवर्डसमोर त्यांचे दोनच स्टॉपर आहेत. दोघं वर थांबले की त्यांच्या बॅकना वर जायची भीती वाटते. दोघांना खाली ओढलंस की तो धाक गेला, मग त्यांचे दोन्ही बॅक सुखानं वर येणार.

तुझी भानगड फळ्यांमधल्या अंतराची असणार. मी चार मिडफिल्डरांच्या कमरेला दोरी बांधायचो, दोघांच्यात दहा-बारा पावलं. डावीकडचा बाहेर गेला की बाकीचे तिघं ओढले जाणार. पहिल्या दिवशी पोरं एकमेकांवर पडायची, आठवड्यानं दोरी सोडली तरी एकत्र सरकायची. मागची फळी पण तशीच त्यांच्या मागं पंधरा पावलांवर. मधे खिंडार नाही, तर तिसरा माणूस चेंडू घेऊन करणार काय?

लातूरची_आई
मला पद्धतीतलं फार कळत नाही, पण इथंच विचारते. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, लेफ्ट विंगर होता. अकादमीत नवीन सर आले, ४-३-३ आणली आणि त्याला लेफ्ट बॅक केलं. तो घरी येऊन रडला, म्हणतो मला मागं टाकलं. सरांनी का केलं ते एका शब्दानंही सांगितलं नाही. ही शिक्षा असते का?

जुना_स्टॉपर
ताई, बहुतेक नाही. ४-३-३ मध्ये विंगर आत वळतो, तेव्हा बाहेरची पूर्ण पट्टी एकट्या बॅकची होते. वर जाऊन क्रॉस द्यायचा आणि चेंडू गेला की साठ मीटर मागं पळायचं. ज्याच्या पायात वेग आणि छातीत दम आहे त्यालाच तिथं टाकतात. बार्सिलोनाकडून खेळलेला जॉर्डी अल्बा लहानपणी पुढं खेळायचा, व्हॅलेन्सियात त्याला लेफ्ट बॅक केलं. पण सरांनी मुलाशी बोलायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्याला एक गोष्ट विचारायला सांगा : "मी वर गेलो की माझी जागा कोण बघणार?" उत्तर ठरलेलं असेल तर सर विचार करून खेळवतायत. ठरलेलं नसेल, तर गोल बसल्यावर बोलणी तुमच्या मुलालाच खावी लागतील.

लातूरची_आई
हे त्याला वाचून दाखवते. अल्बाचं ऐकून तरी शांत होईल.

नऊ_नंबर
ठीक, २०१४ चा सामना मी विसरलो होतो, संपली हा शब्द मागं घेतो. पण अ‍ॅटलेटिकोचे ते लोक व्यावसायिक होते. नव्वद मिनिटं आत-बाहेर सरकत राहणं शाळेच्या पोरांना जमेल का? ४-३-३ मध्ये निदान तिघांचा त्रिकोण असतो, पास द्यायला कुणीतरी दिसतं. पोरं फुटबॉल शिकतात.

जुना_स्टॉपर
त्रिकोणाचं पटलं. चेंडू पायात असताना ४-३-३ शिकवायला सोपी आहे. चेंडू गेल्यावर ती अवघड होते, आणि ते सगळं ओझं एकाच पोरावर पडतं, स्टॉपरच्या पुढं उभ्या असलेल्यावर. दोन्ही बॅक वर, दोन्ही मिडफिल्डर वर, आणि मधे हा एकटा. त्यानं चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं बघितलेलं असलं पाहिजे, आणि टॅकलसाठी उडी मारायचा मोह टाळला पाहिजे. तो चुकला तर मागं दोनच स्टॉपर उरतात. असा एक पोरगा तुमच्याकडं आहे का, दादा? नसेल तर ४-३-३ कागदावरच राहील. तुमचे दोन स्ट्रायकर असतील, तर त्यातल्या एकाला विंगवर पाठवावं लागेल, तेही बघा.

आणि अंदाजानं ठरवू नका. एका बदली खेळाडूला वही द्या. समोरच्या मधल्या पोरानं चेंडू घेऊन आपल्या गोलकडं तोंड वळवलं की एक रेघ. पाठ आपल्याकडं ठेवूनच परत पास दिला तर रेघ नाही.

पेठेतला_राइटआउट
काल सीनियर टीमशी सराव सामना झाला, तीस-तीस मिनिटांचा. ते ४-३-३ खेळले. पहिल्या भागात दोन्ही फॉरवर्ड वर ठेवले : १४ रेघा. दुसऱ्या भागात चेंडू गेला की जवळचा एक फॉरवर्ड त्यांच्या मधल्याजवळ, दुसरा वर : ५ रेघा. काकांची दोरी अजून बांधलेली नाही, पण मिडफिल्डरांना तोंडानं सांगून आत ठेवलं.

पण नवीन त्रास निघाला. त्यांचा डावा स्टॉपर मोकळा राहिला आणि चेंडू घेऊन स्वतःच चालत आला. माझा सेंटर मिडफिल्डर त्याच्यावर गेला, मागं जागा पडली, तिथून गोल बसला. आणि तसा एकटा सांभाळणारा पोरगा माझ्याकडं नाही. एक आहे, पण प्रत्येक चेंडूवर उडी घेतो.

तालमीतला_काका
हेच म्हणत होतो. एकाला खाली घेतलंस, स्टॉपर मोकळा झाला. दोघांना वर ठेव आणि मिडफिल्ड त्यांच्या मागं चिकटव.

जुना_स्टॉपर
काका, सगळेच वर चिकटले तर स्टॉपरच्या मागं अर्धं मैदान रिकामं, गोलीला पुढं येऊन खेळावं लागेल. दादांचे स्टॉपर वेगवान असतील तर तुमचं बरोबर, नसतील तर एक लांब चेंडू पुरे.

दादा, स्टॉपर चालत आला तर सेंटर मिडफिल्डरला जागेवर ठेवा. वरचा फॉरवर्ड सरळ न धावता वळण घेऊन त्याच्यावर जाईल, दुसऱ्या स्टॉपरकडचा पास त्याच्या अंगानं झाकलेला राहील, असा. स्टॉपरला रेषेकडंच जावं लागेल. तिथं तुमचा बाजूचा मिडफिल्डर आणि बॅक मिळून दोघं असतात.

तालमीतला_काका
त्याचे स्टॉपर मला माहीत आहेत, पळतात. मी शनिवारी दोरी घेऊन येतो, चार पोरं तयार ठेव.

पेठेतला_राइटआउट
या काका, सकाळी सहाला. वहीवाल्या पोरालापण बोलावतो. एक भाग तुमच्या पद्धतीनं, एक वळण घेऊन धावायच्या पद्धतीनं. रेघा इथंच टाकतो.