मदत हवी आहे: आईचा फोन रिसेट करावा का?

आईच्या अँड्रॉइड फोनवर महिनाभर बँकेचं अ‍ॅप उघडलं की दोन सेकंदात बंद पडतंय, कॅशे आणि डेटा क्लिअर केला, काढून परत टाकलं, वेबव्ह्यू अपडेट केलं, स्टोरेजपण ९ जीबी रिकामं आहे. काल सेफ मोडमध्ये बघितलं तर फोनचा स्वतःचा कॅमेरा आणि गॅलरीसुद्धा तशीच बंद पडतायत, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपचा दोष नसावा. आता रिसेटच उरलाय ना?

फोटो लॅपटॉपवर घेतलेत, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप झालाय. बाबांची कॉल रेकॉर्डिंग्ज फक्त याच फोनमध्ये आहेत, ती कुठल्या फोल्डरमध्ये असतात? ऑथेंटिकेटरचे कोड आधी माझ्या फोनवर घेऊ का? आणि आईला गूगलचा पासवर्ड आठवत नाही, रिसेटनंतर तोच मागेल, म्हणून तो आधी बदलतेय. अजून काही राहतंय का, प्लीज सांगा.